कोकम सरबताच्या बाटलीचा कटआउट: ग्राहकाच्या तक्रारीला उत्तर

“बॅकग्राउंड काढून फोटो दिला म्हणे! मरून पोस्टरवर लावला तर बाटलीभोवती पांढरी कड, आणि मानेत काच नाहीच, नुसता पांढरा पट्टा. पैसे वाया गेले.”

नमस्कार. पोस्टर पाहिलं. असं पोस्टर छापायला देऊ नका, हे आधी सांगतो.

तुम्ही रिव्ह्यूसोबत टाकलेल्या स्क्रीनशॉटमध्ये डिझायनरने वापरलेल्या फाइलच्या नावाशेवटी `.jpg` दिसतंय. आम्ही लिंकवर ठेवलेली फाइल `.png` आहे. ती चॅटवर फोटो म्हणून पुढे पाठवली की तिची जेपीजी होते आणि पिक्सेलही कमी होतात. जेपीजीत पारदर्शकता साठवायची सोयच नसते, त्यामुळे मोकळी जागा पांढरी भरली जाते. मग डिझायनरला तो पांढरा भाग मॅजिक वाँडने पुन्हा काढावा लागला असणार. कड तिथेच आली. बाटलीच्या काठावरचे पिक्सेल अर्धे बाटलीच्या रंगाचे, अर्धे पांढरे झालेले असतात. वाँड ते सोडून देतो. पांढऱ्या कागदावर ते कळत नाहीत, मरूनवर लगेच डोळ्यात भरतात.

मानेचं दुखणं वेगळं आहे. सरबत गडद असल्याने बाटलीचं पोट अपारदर्शकच ठेवायचं असतं, पण वरची रिकामी मान आरपार दिसायला हवी. म्हणून बाहेरची कड आम्ही पेन टूलने हाताने कापतो आणि मानेला मास्कमध्ये करडा रंग देतो. करडा म्हणजे अर्धवट पारदर्शक: मागचा मरून त्यातून दिसतो आणि काचेवरची चमकही टिकते. जेपीजी होताना हा करडेपणा पांढऱ्यात मिसळून गेला. फोटोशॉपमध्ये `Layer > Matting > Defringe` एक पिक्सेलवर चालवलं तर कड बरीच जाईल, मान मात्र त्याने सुधारणार नाही. गेलेली पारदर्शकता जेपीजीतून परत मिळत नाही.

आज तुमच्या ईमेलवर नवी लिंक पाठवतोय. त्यात पीएनजी आहेच, शिवाय पीएसडीही ठेवली आहे. तिच्यात बाटली, मान आणि सावली वेगवेगळ्या लेयरवर आहेत. सावलीचा लेयर मल्टिप्लायवर राहू द्या. डिझायनरांनी फाइल लिंकवरून थेट संगणकावर उतरवून घ्यावी. चॅटवरच पाठवायची असेल तर `Document` म्हणून पाठवा. उघडल्यावर आधी बाटलीखाली काळा लेयर टाकून बघायला सांगा: फाइल नीट आली असेल तर मान काळपट दिसेल आणि काठाला पांढरं काही उरणार नाही.

एक मर्यादा मात्र आहे. खरी काच मागचं चित्र थोडं वाकवून दाखवते, कटआउट तसं करू शकत नाही. सपाट मरूनवर फरक कळणार नाही, पण मानेमागे पैठणीची नक्षी किंवा अक्षरं येऊ देऊ नका. तिथे नक्षीच हवी असेल तर पोस्टरची फाइल आमच्याकडे पाठवा, मानेतली नक्षी आम्ही वाकवून बसवून देऊ. त्याचे वेगळे पैसे नाहीत.