पहिला बाक मागून भागत नाही

"मुलाचं वर्गात लक्ष लागत नाही म्हणून बाईंना पत्र देऊ नका, कागद गेला की शिक्का बसतो. फार तर पहिला बाक मागा. पन्नास मुलांत एकट्यासाठी वेगळं कुणी शिकवत नाही."

एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवण्यात अडचण असलेल्या मुलांच्या पालकांना हा सल्ला मिळतो. पण 'आळशी', 'वात्रट' हे शिक्के पत्र न देताही बसतातच. पत्रात निदानाचं नाव लिहायलाच हवं असं नाही, सगळा तपासणी अहवाल तर जोडूच नका. जे दिसतं ते लिहा: "पाचवीतला माझा मुलगा एकच सूचना नीट पाळतो. तीन-चार एकदम आल्या की पहिली करतो आणि थांबतो." बोर्डाच्या परीक्षेत सवलत हवी असेल तर प्रमाणपत्र लागतं, बाक बदलायला नाही. कायद्याचा धाकही घालू नका. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मधल्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचन-लेखन-गणितातली अडचण, आहे; एडीएचडी वेगळी नोंदलेली नाही. ही विनंती आहे, विनंतीसारखीच लिहा.

पहिला बाक बहुतेकदा दाराशी असतो. व्हरांड्यातून कुणी गेलं की मान तिकडे, मागे कुजबुज झाली की मान मागे. त्यापेक्षा दुसरी रांग मागा: दार-खिडकीपासून दूर, बाई फिरतात त्या वाटेच्या कडेला, शेजारी शांत मूल. एकटं बसवू नका हेही स्पष्ट लिहा, कारण वर्ग त्याला शिक्षा समजतो. अनेक शाळांत दर आठवड्याला बाक फिरतात आणि चार दिवसांत ही जागा जाते. म्हणून "फिरवताना दुसऱ्या-तिसऱ्या रांगेतच ठेवावं" हे वाक्य हवंच.

आता वेगळं शिकवण्याचं. ते मागायचंच नाही, मागायची फक्त सूचना देण्याची पद्धत. "वही काढा, तारीख टाका, स्वाध्यायातली पहिली पाच गणितं सोडवा, वही टेबलावर ठेवा." या चार गोष्टी एका दमात आल्या की या मुलाच्या हाती पहिलीच राहते. बाईंनी त्या फळ्याच्या कोपऱ्यात १ ते ४ अशा लिहाव्यात, बोलण्याआधी त्याच्या बाकावर हलकेच टकटक करावी आणि पहिली पायरी त्याच्याकडून वदवून घ्यावी. "समजलं का?" विचारलं तर तो "हो"च म्हणेल, त्यातून काही कळत नाही. फळ्यावरची यादी बाकीच्यांनाही उपयोगी पडते, त्यामुळे ही मागणी सहसा मान्य होते.

पत्र एका पानाचं, मागण्या दोनच: जागा आणि सूचना. आठ मागण्या केल्या तर एकही धड पाळली जात नाही. शेवटी चार आठवड्यांची मुदत लिहा आणि मोजायचं काय तेही: गृहपाठ डायरीत पूर्ण उतरला असे दिवस. त्याआधीच्या दोन आठवड्यांचा आकडा घरीच काढून ठेवा. दहापैकी तीन दिवसांचे दहापैकी सहा झाले तर जागा तीच ठेवा. तीनच राहिले तर आधी शेजारचं मूल बदलून बघा, मग रांग.