पैठणीच्या पदराबद्दल दुकानाचं उत्तर

«आईच्या पंचाहत्तरीसाठी तिच्या फोटोत बहिणीची पैठणी नेसवून मागितली. पदर उजव्या खांद्यावर, आई गुजराती वाटते! चेहराही तिचा नाही. ६०० रुपये वाया गेले.»

ताई, नमस्कार. आईंच्या कार्यक्रमात तुमचा विरस झाला, माफी मागतो. चेहऱ्याची चूक माझीच. पण पदराबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही, कारण सांगलीत एकोणीस वर्षं फोटो करतोय आणि पदर कुठल्या खांद्यावर असतो हे मला माहीत नाही असं लोकांना वाटायला नको.

तुम्ही पाठवलेला बहिणीचा फोटो आरशासमोर काढलेला होता. आरशात डाव्या खांद्यावरचा पदर उजव्यावर दिसतो. मागच्या कॅलेंडरवरचे आकडे उलटे आहेत, मोठं करून बघा. साडी मी एआयकडून नेसवून घेतली होती, आणि एआयनं जे दिसलं तेच उचललं. काम घाईचं होतं, गुरुवारी रात्री दुकान बंद करताना आलात आणि शनिवारी सकाळी फ्रेम हवी होती. प्रूफ पाठवलं तेव्हा "छान" असं तुमचंच उत्तर आलं. तरी तो फोटो आधी उलटा करून घ्यायला हवा होता, ते मी केलं नाही.

एआयला लिहून सांगण्यातही मी कमी पडलो. "या हसतमुख आजींना ही साडी नेसव" एवढंच लिहिलं. चेहऱ्याचं वर्णन केलं की एआय स्वतःच्या मनातली हसतमुख आजी काढतं. चेहऱ्याबद्दल "आहे तसा ठेव" एवढंच म्हणायचं आणि वर्णन फक्त कापडाचं करायचं. काल रात्री बसून पुन्हा केलं, तेव्हा असं लिहिलं:

"पहिल्या फोटोतल्या बाईंना दुसऱ्या फोटोतली साडी नेसव. दुसऱ्या फोटोतून फक्त साडी घे, माणूस घेऊ नको. जांभळी रेशमी पैठणी, चार बोटं रुंद जरीचा काठ, पदरावर मोर. पदर बाईंच्या डाव्या खांद्यावर, म्हणजे बघणाऱ्याच्या उजव्या हाताला. चेहरा, केस, कुंकू, हात, मागची भिंत आणि उजेड आहे तसाच ठेव."

नुसतं डावं-उजवं लिहिलं तर कुणाचं डावं, यात घोळ होतो, म्हणून दोन्ही बाजूंनी सांगितलं. बहिणीचा फोटो सरळ करून गळ्याच्या वर कापून टाकला, म्हणजे तिचा चेहरा मिसळायला नको. एवढं करूनही आईंच्या डोळ्यांच्या कडा थोड्या बदलल्याच. शेवटी मूळ फोटोतला चेहरा कापून वर बसवला आणि मानेपाशी जोड मिटवला. आता त्या त्याच दिसतात.

फ्रेम घेऊन या, पैसे न घेता बदलून देतो. प्रूफसुद्धा यापुढं नीट तपासून देत जाऊ. पदरावरचे मोर मात्र अजून विरघळल्यासारखे दिसतायत, कारण बहिणीच्या फोटोत पदराला चुण्या पडल्यात आणि नक्षी निम्मी झाकलीय. जमलं तर पैठणी पलंगावर पसरून, खिडकीच्या उजेडात, पदर आणि काठ पूर्ण दिसतील असा एक फोटो पाठवा.