पेरणीला पैसे, दिवाळीला पायी

मृग लागला, बियाणं घ्यायचं आहे आणि खिसा रिकामा. अशा वेळी पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेच्या नादी मुळीच लागू नका. तीन लाखांपर्यंतचं पीक कर्ज वेळेत फेडलं तर शून्य टक्के व्याज, यात काय मजा? शिवाय बँकेच्या चकरा. त्यापेक्षा दारात मोटारसायकल उभी आहे, तिची आरसी घ्या आणि तालुक्याच्या फायनान्सवाल्याकडे चला. तो खुर्ची देतो, चहा पाजतो, "काही टेन्शन नका घेऊ ना जी" म्हणतो. बँकेतला साहेब असं कधी म्हणाला?

समजा गाडी साठ हजारांची आहे आणि कर्ज मिळतंय 40,000. व्याज "फक्त दोन टक्के महिना", मुदत बारा महिने. वर्षाचे 9,600 मुद्दलात मिळवले, बाराने भागलं, हप्ता 4,133. हिशोब इतका सोपा की प्रश्न विचारायची लाज वाटावी. म्हणून विचारूच नका की दर महिन्याला मुद्दल थोडं थोडं फिटत असताना व्याज शेवटच्या हप्त्यापर्यंत पूर्ण 40,000 वर कसं काय? घटत्या शिल्लकेवर मोजलं तर हाच दर वर्षाला 42 टक्क्यांच्या आसपास जातो. त्यातून फाइल चार्ज, विमा, आरसीवर बोजा चढवायचा खर्च असे पाच हजार आधीच कापले की हातात येतात 35,000, हप्ता मात्र 40,000 चाच. आता खरा दर 70 टक्के. दोनचे सत्तर झाले, आणि मधल्या काळात तुम्ही फक्त चहा प्यालात.

हे सगळं एका कागदावर लिहिलेलं असतं. बँक असो वा नोंदणीकृत फायनान्स कंपनी, रिझर्व्ह बँकेच्या नियमानं त्यांना KFS नावाचा तक्ता द्यावा लागतो. तुम्हाला कळेल अशा भाषेत, सगळे खर्च धरून वर्षाचा खरा दर त्यात असतो, आणि विचार करायला किमान तीन कामाचे दिवस मिळतात. तीन दिवस! पेरणी काय थांबणार आहे? जिथे बाण काढलाय तिथे सह्या करा. त्यात कोरे फॉर्म 29 आणि 30 निघाले तरी बिचकू नका. ते गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे फॉर्म आहेत, एवढंच.

पहिला हप्ता जुलैत. सोयाबीन तेव्हा बोटभर असतं. तो कसाबसा उसनवारीवर भरा. ऑगस्टमध्ये फवारणी, सप्टेंबरात पुन्हा फवारणी, ऑक्टोबरात कापणीची मजुरी. पैसा बाजार समितीतून यायचा आहे आणि तो एकदाच येतो, महिन्याच्या पाच तारखेला येत नाही. बँक खात्यावरचा ऑटो हप्ता मात्र पाचलाच आदळतो आणि परत जातो. प्रत्येक वेळी फायनान्सचा बाउन्स चार्ज, समजा 590, आणि बँकेचा वेगळा. हप्त्याची तारीख पिकाच्या हिशोबानं, एकदम डिसेंबरात मागता येते का, हे सही करण्याआधी विचारायचं असतं. तुम्ही विचारू नका.

तीन हप्ते थकले की फोन येतो: "भाऊ, ऑफिसात या, एक सही राहिली." जरूर जा, आणि गाडीवरच जा. सही होईतो किल्ली टेबलावर ठेवा. बाहेर येईपर्यंत गाडी यार्डाकडे निघालेली असते. ताबा घेण्याआधी नोटीस, विकण्याआधी पैसे भरायची शेवटची संधी, हे करारात असावं लागतं. वसुलीवाल्यांना सकाळी आठच्या आधी नि संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाही, अंगावर येणं तर दूरच. पण नियम सांगून पाहुण्यांचा अपमान कशाला?

आता हिशोब. व्याजासह शिल्लक 41,000 च्या वर, तीन बाउन्स, गाडी ओढून न्यायचे समजा पाच हजार, यार्डाचं भाडं रोजचे शंभर प्रमाणे वीस दिवस. झाले पन्नास हजार. लिलावात साठ हजारांची गाडी तीस हजारांत जाते, कारण घेणारे तेच चार जण असतात. उरलेले वीस हजार तुमच्याच नावावर. गाडी नाही, पण देणं आहे.

घेणाऱ्यानं आरसी स्वतःच्या नावावर केली का, हे शोधत बसू नका. नाही केली आणि त्यानं कुणाला उडवलं, तर भरपाईसाठी नोंदीतला मालकच जबाबदार, असं सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये सांगितलं आहे. निदान तोवर गाडीवर तुमचं नाव टिकेल.

आणि डिकीतल्या सामानाची यादी तर मागूच नका. सातबारा, पासबुक, पोराचा जातीचा दाखला गाडीबरोबर यार्डात गेला, तर ते आणायला तालुक्याला ऑटो मिळतो. माणशी चाळीस, सीट भरली की निघतो.