माफ केलं म्हणालो, आणि मग वादळ आलं

चार वर्षं झाली म्हणून आता लिहितोय. रावेरकडे माझी आणि चुलतभावाची केळी भागीत होती, निम्मी निम्मी. कटाईच्या वेळेस आई जळगावला ॲडमिट, मी तिच्याजवळ, सगळा व्यवहार यानेच पाहिला. भाव सांगितला ११००. नंतर व्यापाऱ्याकडची पट्टी हातात आली, तर १४५०. माल २१० क्विंटल, म्हणजे माझ्या वाट्याचे ३६,७५० गेले.

घरच्यांनी बसवलं, त्याने कबूल केलं, पैसे तीन हप्त्यात दिले आणि मी सगळ्यांसमोर म्हणालो, जाऊ दे भो, माफ केलं. (आपल्याकडे झालं गेलं गंगेला मिळालं म्हणायची घाई फार, गंगा कुठे अन् तापी कुठे!)

मला खरंच वाटत होतं की झालं. त्याच्याबद्दल कुठे वाईट बोललो नाही, लग्नात गेलो, आहेर केला. पण मी त्याच्याशी जरा जास्तच नीट वागायला लागलो होतो. लहानपणापासून अरे-तुरे, आणि आता "या, बसा". एकदा भरीत पार्टीत तो बडगीत वांगी ठेचत होता, म्हणे "तू मला अहो-जाहो कधीपासून रे?" मी हसलो, आणि घरी येऊन भाजीतल्या मिठावरून बायकोवर ओरडलो.

वर्थिंग्टन नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ माफीचे दोन प्रकार सांगतात, निर्णयाची आणि भावनेची. बदला घेणार नाही, नीट वागेन, हे एका दिवसात ठरवता येतं, पण आतला कडवटपणा त्याच्या वेळेनेच जातो. माझी पहिली झाली होती, तीच मी दुसरी समजून बसलो.

मग जूनमध्ये वादळ झालं, त्याची केळी आडवी, माझी वाचली, आणि माझ्या डोक्यात पहिलं काय आलं तर, बरं झालं. अर्धा सेकंद असेल, पण आलं.

त्या रात्री कळलं की पैशाचा हिशोब झाला होता, दुसरा कधी मांडलाच नव्हता. आई दवाखान्यात असताना हा रोज फोन करून "काकू कशीये" विचारायचा आणि त्याच फोनवर मला खोटा भाव सांगायचा. हे मी त्याला कधी बोललोच नव्हतो. बांधावर जाऊन बोललो. तो बराच वेळ गप्प, मग म्हणाला, बहिणीच्या लग्नाचं व्याजाचं कर्ज होतं, तुला तेव्हा कसं मागू. कारण पटलं नाही, पण माणूस दिसला.

लगेच काही हलकं वगैरे वाटलं नाही हां. पट्टी अजून आठवते, फक्त गाडी चालवताना त्याच्याशी मनातल्या मनात भांडण होत नाही. नंतर त्याला विम्याचे पैसे आले तेव्हा मी आतून तपासलं, पोटात दुखतंय का, नाही दुखलं.

भागी मात्र परत केली नाही. लोक म्हणतात, मग कसली माफी? मला विचाराल तर विश्वास हा वेगळा विषय आहे, आणि भागी का नको ते मी त्याला तोंडावर सांगितलंय, मनात ठेवलेलं नाही.

परवाच्या भरीताला त्याने परत मिरच्या ढीगभर टाकल्या. म्हटलं, अरे गधड्या, पोरं खाणारेत.