‘मेल्यावर पैसे सरकारजमा’: एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया:
“ताई, पेन्शन योजनांवरचा तुमचा लेख म्हणजे सरकारी जाहिरातच वाटली. माझा भाऊ इचलकरंजीत मागावर कामाला आहे, वय ३५. गेल्या वर्षी बँकेने न सांगताच त्याचं अटल पेन्शन सुरू केलं, महिन्याला ९०२ रुपये. पंचवीस वर्षांनी ५ हजारांत काय येणार? आणि तो गेला की पैसे सरकारजमा, असं दुकानावर सगळे म्हणतात. त्यापेक्षा आरडी काय वाईट?”

उत्तर:
भाऊ, महागाईचं तुमचं म्हणणं खरं आहे आणि मूळ लेखात मी ते एका ओळीत उरकलं, ही माझी चूक. वर्षाला ६ टक्के महागाई धरली तर पंचवीस वर्षांनंतरचे ५ हजार म्हणजे आजचे साधारण साडेअकराशे. ही रक्कम महागाईबरोबर वाढत नाही. साठीला ठरलेला आकडाच ऐंशीव्या वर्षीही हातात पडणार. त्यात गॅस, भाजी आणि गोळ्या भागतील, घर चालणार नाही.

सरकारजमा होण्याचं मात्र दुकानावर दोन योजनांची मिसळ झालेली दिसते. अटल पेन्शनमध्ये तसं होत नाही. साठीनंतर भाऊ गेला तर वहिनींना तेवढीच पेन्शन, म्हणजे पूर्ण ५ हजार, तहहयात मिळते. त्याही गेल्यावर नॉमिनीला साधारण साडेआठ लाख मिळतात. तुमच्या भावाचा हिशोब मांडून बघा: ९०२ रुपये ३०० महिने, म्हणजे त्याच्या खिशातून २,७०,६०० जाणार. ते साडेआठ लाख व्हायला वर्षाला आठ टक्क्यांच्या आसपास व्याज पडावं लागतं. पुढे साडेआठ लाखांवर वर्षाला ६० हजार पेन्शन, म्हणजे सात टक्के. थोडक्यात, पेन्शन व्याजातूनच जाते, मुद्दल तसंच राहतं, म्हणून ते मुलांना मिळतं. गुंतवणुकीवर तेवढं व्याज पडलं नाही तर किमान पेन्शनसाठी कमी पडणारी रक्कम सरकार घालतं, ही हमी आरडीत नाही.

पैसे परत न मिळणारी योजना वेगळी आहे: २०१९ ला आलेली प्रधानमंत्री श्रमयोगी मानधन. ती बँकेत नाही, सीएससी केंद्रावर काढतात. ३५ व्या वर्षी हप्ता फक्त १५० रुपये, सरकार तेवढेच आणखी १५० घालतं आणि साठीला ३ हजार पेन्शन. अटलमध्ये याच वयाला ३ हजारांसाठी ५४३ रुपये भरावे लागतात. एवढा फरक का, हे मी स्वतः कागदावर मांडेपर्यंत मलाही कळलं नव्हतं. महिना ३०० रुपये, पंचवीस वर्षं, ८ टक्के व्याज धरलं तर होतात २ लाख ८५ हजारांच्या आसपास. त्यातून वर्षाला ३६ हजार द्यायचे. सात टक्क्यांनी व्याज निघतं जेमतेम २० हजार. उरलेले १६ हजार मुद्दलातून जाणार. म्हणूनच इथे नवरा गेल्यावर बायकोला निम्मी, १५०० पेन्शन मिळते आणि दोघंही गेल्यावर मुलांना काही नाही, शिल्लक योजनेच्या फंडात जाते. ‘सरकारजमा’ हे इथलं आहे.

आता यात वाईट काय, हे ज्याचं त्यानं ठरवावं. माझं मत विचाराल तर ज्याच्या हातात महिन्याला दोन-अडीचशेच सुटतात, त्याने मुलांच्या साडेआठ लाखांची काळजी करू नये, आधी आपलं म्हातारपण बघावं. समजा वहिनी घरी कांड्या भरतात आणि त्यांचं वय ३२ आहे. त्यांचा मानधनचा हप्ता १२० रुपये. भावाचे १५० धरून घरातून २७० जातात आणि साठी झाली की दोघांना प्रत्येकी ३ हजार, आपापल्या नावावर. अटलमध्ये ९०२ भरून घरात एकच पेन्शन येते. मुख्य अट अशी की महिन्याची कमाई १५ हजारांच्या आत हवी आणि पीएफ किंवा ईएसआय कापला जात नसावा. मालकाने भावाच्या नावाचा पीएफ भरला असेल तर मानधनचा रस्ता बंद. तेव्हा त्याच्याकडे अटलच उरतं. त्यात आयकर भरणाऱ्यांना १ ऑक्टोबर २०२२ पासून प्रवेश नाही, पण हा प्रश्न तुमच्या भावाला येणार नाही.

बँकेने न विचारता खातं काढल्याचं वाचून मला हसूच आलं. आमच्याकडेही तेच झालं. माझ्या दिराने गॅसच्या सबसिडीसाठी खातं काढलं, तिथल्या साहेबांनी फॉर्मवर सह्या घेतल्या आणि चार महिन्यांनी पासबुक भरलं तेव्हा कळलं. शाखेला टार्गेट असतं आणि ५ हजारांचा स्लॅब त्यांना जास्त आवडतो. पण चिडून खातं बंद करू नका, स्लॅब उतरवा. वर्षातून एकदा पेन्शनची रक्कम कमी-जास्त करता येते. ९०२ चा हप्ता १ हजाराच्या पेन्शनला १८१ होतो, २ हजारांच्या पेन्शनला ३६२. पुढे वाढवायची झाली तर मागचा फरक भरावा लागतो, म्हणून आत्ता झेपेल तेवढंच ठेवा.

झेपेल म्हणजे काय, ते सांगते. मागावर पगार आठवड्याला, हातात रोख. बँकेत तो पडून राहत नाही. हप्ता कापायच्या वेळी खात्यात शंभर-दोनशे असले की तो चुकतो, दंड लागतो शंभराला महिन्याला १ रुपया. दंड किरकोळच, खरी अडचण पुढे येते. सहा हप्ते थकले की ५,४१२ रुपये मागणीत उभे राहतात, आणि लेकीच्या शाळेसाठी कोणी खात्यात ५ हजार भरले की ते त्यातच जातात. माझ्या दिराच्या बाबतीत हेच झालं. त्यानंतर आम्ही हप्ता तिमाही करून घेतला. दिवाळीच्या बोनसातून एक तिमाही आधीच खात्यात ठेवतो.

आरडीबद्दल. आरडीला मी नाही म्हणत नाही, पण ती पाच वर्षांनी सुटते आणि सुटलेले पैसे गाडीच्या हप्त्यात जातात, हे तुम्हीही पाहिलं असेल. अटलमधूनही साठीआधी बाहेर पडता येतं, पण तेव्हा स्वतः भरलेले पैसे आणि त्यावर प्रत्यक्ष पडलेलं व्याज, खर्च वजा करून, एवढंच परत मिळतं. साडेआठ लाखांची गोष्ट तिथेच संपते.

आणि एक गैरसमज, जो दुकानावरही असेल: हा विमा नाही. देव न करो, पण भाऊ पंचेचाळिशीत गेला तर वहिनींना साडेआठ लाख मिळणार नाहीत. तोवर जमलेले पैसे त्या घेऊ शकतात, किंवा उरलेले हप्ते स्वतः भरून, भावाला साठ पूर्ण झाली असती त्या तारखेपासून पेन्शन घेऊ शकतात. विम्यासाठी जीवन ज्योती वेगळी काढा, वर्षाला ४३६ रुपये, कव्हर २ लाख.

भावाला पासबुक भरून आणायला सांगा. त्यात एपीवाय, म्हणजे अटल पेन्शन, लिहिलेल्या किती नोंदी आहेत, शेवटची कोणत्या महिन्याची आणि नॉमिनी म्हणून वहिनींचं नाव लागलंय का, एवढं कळवा. पीएफ कापतात का हेही विचारा. मग स्लॅब कुठला ठेवायचा ते इथेच बोलू.