दहापट रन म्हणजे दहापट अचूक? नाही हो

"सिम्युलेशनचे रन दहापट केले की उत्तर दहापट अचूक होतं. दहा लाख रन केले की सहा दशांश स्थळं पक्की. आणि ग्राफची रेष सपाट झाली की थांबायचं, उत्तर मिळालं."

असं बरेच जण समजतात. सिम्युलेशन म्हणजे तोच प्रयोग कॉम्प्युटरवर यादृच्छिक आकड्यांनी पुन्हा पुन्हा करून बघणं, आणि असा एक प्रयोग म्हणजे एक रन. पहिलं वाक्य घेऊ. चूक रनच्या वर्गमुळाने कमी होते, म्हणजे दहापट रनला अचूकता जेमतेम तिप्पट, आणि दहापट अचूकता हवी असेल तर रन शंभरपट. जुनं उदाहरण घ्या, दोन फासे 24 वेळा टाकले तर निदान एकदा तरी दोन्हीवर सहा येण्याची शक्यता किती? खरं उत्तर 1 − (35/36)^24, म्हणजे 0.4914, निम्म्याच्या किंचित खाली. आता हेच सिम्युलेशनने काढायला गेलो तर उत्तर खऱ्यापासून साधारण किती हलेल हे सांगणारी स्टँडर्ड एरर sqrt(p*(1-p)/n), यात p ही खरी शक्यता आणि n रनची संख्या, इथे साधारण 0.5 भागिले n चं वर्गमूळ. हजार रनला ती 0.016 येते आणि आपल्याला पकडायचाय फरक 0.0086 चा, त्यामुळे दहातल्या जवळपास तीन वेळा तुमचं उत्तर निम्म्याच्या वरच येणार, म्हणजे निष्कर्षच उलटा! दहा हजारला एरर 0.005, तरी शंभरात चारेक वेळा फसाल. एक लाखला 0.0016, आता कुठे निर्धास्त.

सहा दशांश स्थळांचं तर सोडाच. दहा लाख रनला याच गणितात एरर 0.0005 आहे, म्हणजे तिसरं स्थळसुद्धा एखाद्याने इकडेतिकडे होऊ शकतं. सहावं स्थळ खरंच हवं असेल तर निदान एक लाख कोटी रन लागतील. आणि घटनाच दहा लाखात एक अशी दुर्मिळ असेल तर दहा लाख रनमध्ये ती एकदाही न दिसण्याची शक्यता 37 टक्के आहे, तेव्हा उत्तर शून्य आलं म्हणून ती घडतच नाही असं समजू नका.

सपाट रेषेवर मात्र भलेभले फसतात, म्हणून हे नीट बघा. ग्राफवर असते आत्तापर्यंतच्या सगळ्या रनची सरासरी, आणि दहा हजाराव्या रनला एक नवा रन ती सरासरी जास्तीत जास्त एक दशसहस्रांशाने हलवू शकतो. म्हणजे रेष सपाट दिसणारच, ती 0.4914 वर असो नाहीतर चुकून 0.499 वर अडकलेली असो! एरर त्या वेळी 0.005 आहे, एका रनच्या धक्क्याच्या पन्नासपट, पण ती एका रेषेत दिसतच नाही.

ती एरर बघायची तर सीड, म्हणजे यादृच्छिक आकडे कुठून सुरू होतात ते ठरवणारा आकडा, बदलून तेच दहा हजार रन वीस वेळा करा आणि वीस उत्तरं शेजारी मांडा, या फाशांसाठी बहुतेक सगळी 0.481 ते 0.501 मध्ये पसरलेली दिसतील. सीड खरंच बदलतंय ना तेवढं तपासा, नाहीतर वीसही उत्तरं शेवटच्या आकड्यापर्यंत एकसारखी येतील आणि तुम्हाला वाटेल केवढी अचूकता.