अण्णाऽऽ आणि साठ अक्षरं

बेळगावात कन्नड आणि मराठी दोन्ही येणाऱ्या माणसाला कोणीही, काहीही, फुकटात करायला सांगू शकतं. लग्नपत्रिका, सातबाऱ्याचा उतारा, डॉक्टरच्या चिठ्ठीचा अर्थ. आता त्यात सबटायटलं आली. खानापूरकडच्या माझ्या भाच्यानं लघुपट काढला, त्यात गोकाक भागातल्या एका आज्जींचं कन्नड गाणं घातलं, आणि चंदगडच्या लोकांना कळावं म्हणून मराठी ओळींचं काम माझ्या गळ्यात.

"मामा, दोनच ओळी की ओ. अर्ध्या तासाचं काम."

गाण्यातली बाई पंचमीला माहेरी न्यायला येणाऱ्या भावाची वाट बघते. पहिल्या कडव्याचा अर्थ मी मन लावून लिहिला: "पावसानं ओढा भरला, ज्वारी कमरेला लागली, पंचमी उंबऱ्यावर आली, तरी भावाच्या गाडीच्या बैलांची घुंगरं ऐकू येत नाहीत". वाचून मलाच भरून आलं. टाइमलाइनवर टाकल्यावर ओळ लालभडक झाली.

कारण आज्जी हे सगळं चार सेकंदांत म्हणतात. आणि पुढं नुसतं "अण्णाऽऽ" अकरा सेकंद! सगळा संसार चार सेकंदांत कोंबायचा आणि एका हाकेला अकरा सेकंद द्यायची, ही चैन गाणाऱ्याला परवडते. वाचणाऱ्याचं मीटर सेकंदाला साधारण पंधरा अक्षरांवर चालतं, म्हणजे चार सेकंदांत साठ. माझी भरली एकशे दहा. त्यातही संगणक काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळं सुटं मोजतो. "स्त्री" आपल्या डोळ्याला एक घास, त्याच्या हिशेबात सहा. तलाठ्यानंसुद्धा इतकं बारीक मोजलं नसतं.

म्हटलं, पुढच्या अकरा सेकंदांतून थोडा वेळ उधार घेऊ. शब्द संपल्यावर ओळ सेकंदभर रेंगाळली तर चालतं. पण पंधराच्या पंधरा सेकंद ठेवली, की माणसं तीच ओळ पुन्हा वाचायला लागतात आणि दुसऱ्यांदा वाचल्यावर तिच्यात काही राहत नाही. आणि आज्जींच्या आधी तर ती मुळीच उमटता कामा नये. घुंगरं वाजेनात हे बाईनं सांगायच्या आधी प्रेक्षकाला कळलं, तर बाईनं गायचं कशाला? तेव्हा उधारी एक सेकंदाची. पाच सेकंद, पंच्याहत्तर अक्षरं. तरी पस्तीस जास्तच.

मग भाच्याला बसवून कापाकापी सुरू केली. पडद्यावर काय दिसतंय? भरलेला ओढा. त्यामागं? ज्वारी, कमरेएवढी. मग ते लिहायचं कशाला? जे डोळ्यांना दिसतं ते ओळीतून पहिलं काढायचं. भाचा कळवळला.

"असं कसं ओ मामा, ज्वारीसाठी मी पहाटे चिखलात उभा होतो!"

"म्हणूनच दिसतीय की रे छान."

गाडी काढली, बैलही काढले. घुंगरं मात्र ठेवली, कारण चित्रपटाच्या शेवटी तीच वाजतात आणि तेव्हा प्रेक्षकाला आठवायला हवीत. उरला भाऊ. तो आलापातच बसलेला. "अण्णा" कळायला चंदगडच्या माणसाला मराठी ओळ लागत नाही. फक्त "भावाची" ऐवजी "तुझी" केलं, की पुढची हाक आपोआप त्याच्या नावावर जाते.

```
14
00:12:31,200 --> 00:12:36,200
पंचमी उंबऱ्यावर आली,
तुझी घुंगरं अजून वाजेनात
```

चव्वेचाळीस अक्षरं. ओळ तोडली तीही श्वास जिथं संपतो तिथं. "तुझी" वर आणि "घुंगरं" खाली गेली असती, तर नजर पायरी चुकल्यासारखी अडखळते.

"अजून एकतीस शिल्लक आहेत की!" भाचा म्हणाला. उरलेले पैसे दिसले की याला खर्च सुचतो. यावर माझ्याकडे काकूची परीक्षा आहे. काकूला तुकडा एकदाच दाखवायचा आणि अर्थ विचारायचाच नाही. विचारायचं, "बाईची साडी कुठल्या रंगाची?" लांब ओळीला काकू म्हणाली, "साडी नेसली होती काय?" छोट्या ओळीनंतर रंग सांगितला, काठ सांगितला, आणि असला काठ आता कुठल्या दुकानात मिळत नाही तेही सांगितलं.

चंदगडकडच्या एका गावात देवळापुढं पडदा लावून चित्रपट दाखवला. पहिल्या रांगेत एक आजोबा होते. चष्मा विसरलेल्या सगळ्यांसाठी ते सबटायटलं मोठ्यानं वाचत होते. माझी चौदा नंबरची ओळ त्यांनी आलाप सुरू व्हायच्या आत वाचून संपवली. मी भाच्याकडे ऐटीत बघितलं.

मग आजोबांना अकरा सेकंद मोकळी मिळाली. "ओढा भरलाय बघा. ज्वारी बी कमरेला लागलीय. खतं मारल्यात वाटतं." मागून कोणीतरी विचारलं, बैल कुणाचे. भाचा तेवढ्यात माझ्या कानाशी लागला, "बघितलंत मामा? लोकांना सगळं लागतंय की ओ!"